राजीनाम्यातली तिसरी ओळ

माझ्या राजीनाम्याचा पहिला ड्राफ्ट सव्वादोन पानांचा होता. आता वाचला की कानाची पाळी गरम होते. त्यात कलाभवन होतं (बडोद्यात इंजिनियरिंग शिकलेल्यांना अजूनही कॉलेज म्हटलं की कलाभवनच आठवतं, सयाजीरावांनी 1890 साली सुरू केलेलं), पहिल्या दिवशी सेफ्टी शूज चावले होते ते होतं, बाबांची बायपास होती, आणि शेवटी 'जड अंतःकरणाने' होतं. नव्हतं काय, तर तारीख. म्हणजे मी जातेय हे कळत होतं, का जातेय हे तर फारच कळत होतं, पण कधी जातेय हे सव्वादोन पानांत कुठेच नव्हतं.

हे माझ्या लक्षात आलं नाही, बाबांच्या आलं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांना लॅपटॉपवर वाचून दाखवलं, ते डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं भरून आलंय. संपल्यावर म्हणाले, "छान आहे. पण यात ऑर्डर कुठेय?" मी म्हटलं कसली ऑर्डर. तर म्हणाले, "अगं, कोणी मला एवढं मोठं पत्र पाठवलं तर मी आधी बघीन की माल किती आणि कधी पाहिजे. बाकीचं मग चहा पिताना."

मकरपुरा जीआयडीसीत बाबांचा छोटा कारखाना आहे. शेड म्हटलं तरी चालेल. नऊ माणसं, तीन प्रेस, एक शिअरिंग मशीन, आणि प्रेसबोर्डची भूस, जी घरच्या टॉवेलातसुद्धा निघते. प्रेसबोर्ड म्हणजे पुठ्ठाच, पण ट्रान्सफॉर्मरच्या आत घालायचा, लाकडाच्या लगद्यापासून दाबून दाबून केलेला, हातात घेतला तर फळीसारखा कडक. त्याचे तुकडे, पट्ट्या, ठोकळे कापून द्यायचे हा आमचा धंदा. आणि मी नोकरी करत होते ती एका ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या कंपनीत, वाइंडिंगच्या डिझाईन विभागात. बडोद्यात या धंद्यातली माणसं दर दोन किलोमीटरवर सापडतात, त्यामुळे यात योगायोग वगैरे काही नाही. पण राजीनामा अवघड झाला तो याच्यामुळेच.

दुसरा ड्राफ्ट मी तीन ओळींचा केला. पहिल्या ओळीत राजीनामा देते, दुसऱ्या ओळीत शेवटचा दिवस, तिसऱ्या ओळीत कारण.

पहिली ओळ सोपी. त्यात एवढंच बघायचं की 'देत आहे' असं असावं, 'देण्याचा विचार आहे' किंवा 'मला मोकळं करावं ही विनंती' असं नसावं. विनंती केली की समोरच्याला वाटतं अजून बोलायला जागा आहे, मग तो बोलत बसतो, आणि आपले दिवस जातात. माझ्या एका मैत्रिणीने असंच लाडात लिहिलं होतं, तिच्या एचआरने तीन आठवड्यांनी सांगितलं की तुझा राजीनामा आमच्याकडे आलेलाच नाही, आम्हाला वाटलं तू चर्चा करतेयस.

दुसऱ्या ओळीसाठी मला नेमणूकपत्र शोधावं लागलं. 3 जानेवारी 2022 ला सही केलेलं, आईने ते देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात माझ्या जन्मदाखल्याबरोबर ठेवलेलं. त्यात 'दोन महिन्यांची नोटीस' असं होतं. एचआरच्या पोर्टलवर मात्र '60 दिवस' असं होतं. आता कोणी म्हणेल दोन्ही एकच. मी 3 जून 2024 ला, सोमवारी, पत्र देणार होते, तर दोन महिने धरले तरी शेवटचा दिवस 2 ऑगस्ट येतो आणि 60 दिवस मोजले तरी 2 ऑगस्टच येतो, शुक्रवार. पण हेच मी 3 जुलैला दिलं असतं तर दोन महिन्यांनी 2 सप्टेंबर आला असता आणि 60 दिवसांनी 1 सप्टेंबर, जो रविवार. एका दिवसाने काय बिघडतं असं वाटेल, पण रिलीव्हिंग लेटरवर एक तारीख आणि पीएफच्या रेकॉर्डला दुसरी अशी भानगड झाली की ती निस्तरताना तोंडाला फेस येतो, ऑफिसातल्या एकाचं मी पाहिलंय. म्हणून पत्रात नुसतं 'नोटीसप्रमाणे' लिहायचं नाही, वारासकट तारीख लिहायची. मग चूक असेल तर ती लगेच दिसते आणि बोलता येते.

काकांचं म्हणणं होतं की 15 जुलैच्या आसपास एक मोठी ऑर्डर निघायचीय तर मी वीस दिवस आधीच सुटावं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, हिशोब आणि वसुली त्यांच्याकडे. "पैसे कापतील तर कापू देत, किती कापतील?" मी परत नेमणूकपत्र काढलं. नोटीस कमी पडली तर पगार कापणार हे सगळ्याच पत्रांत असतं, पण कुठला पगार, तो शब्द वाचावा लागतो. माझा बेसिक 16 हजार होता आणि ग्रॉस 38 हजार. वीस दिवसांचे बेसिकवर कापले तर 10,667 रुपये, ग्रॉसवर कापले तर 25,333. माझ्या पत्रात 'ग्रॉस' होतं. काकांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "मग राहा बाई पूर्ण दोन महिने."

आता तिसरी ओळ.

आधी मी 'वैयक्तिक कारणांमुळे' लिहिलं होतं. सगळे तेच लिहितात, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांनी तेच लिहावं, राजीनाम्यात कारण द्यायची सक्ती सहसा नसते. पण माझ्या बाबतीत ती ओळ खोटी नसली तरी लपवणारी होती. आमचा माल बाबा थेट माझ्या कंपनीला देत नव्हते, रणोलीच्या एका मोठ्या पुरवठादाराला देत होते, तो पुढे बरंच काही जोडून किट करून माझ्या कंपनीला देत होता. म्हणजे कॉइलच्या थरांमध्ये बसणाऱ्या ज्या स्पेसरचं ड्रॉइंग मी करायचे त्यातले काही आमच्याच प्रेसवर कापले जायचे. नोकरीला लागताना एक फॉर्म भरला होता, त्यात प्रश्न होता की तुमचा कोणी नातेवाईक कंपनीचा पुरवठादार आहे का. मी 'नाही' वर टिक केलं होतं. कारण यादीत बाबांच्या फर्मचं नाव खरंच नव्हतं. पण बावीसाव्या वर्षी मला ते इतकं सरळ वाटलं होतं, याचं आता नवल वाटतं.

म्हणजे बघा, दोन वर्षं सात महिने काम केल्यावर मी 'वैयक्तिक कारण' लिहून गेले असते, आणि सहा महिन्यांनी कोणाच्या तरी लक्षात आलं असतं की अरे, ती डिझाईनवाली पोरगी तर त्या स्पेसरवाल्याची मुलगी आहे, आणि तिकडेच बसते आता. मग आधीच्या प्रत्येक ड्रॉइंगकडे, प्रत्येक ईमेलकडे लोकांनी वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं. काहीही केलेलं नसताना.

नेमणूकपत्रात आणखी एक कलम होतं की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही. ते वाचून मी अर्धी रात्र जागी. मामेभाऊ वकील आहे, त्याला फोन केला तर तो आधी हसला. म्हणाला, 1872 च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं 27 वं कलम बघ, माणसाला धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, नोकरी संपल्यानंतरची असली बंदी आपल्याकडची कोर्टं सहसा मानत नाहीत. मला हायसं वाटलं. तेवढ्यात म्हणाला, "थांब, उड्या मारू नकोस. दोन गोष्टी तरीही उरतात. एक, 2 ऑगस्टपर्यंत तू त्यांचीच नोकर आहेस, नोटीस पिरियडमध्येसुद्धा, तोवर बाबांच्या फॅक्टरीचं काम करायचं नाही. आणि दुसरं, त्यांची ड्रॉइंग्ज, रेट, टेस्टचे आकडे, हे तू गेल्यावरही त्यांचेच. धंदा कर, पण त्यांची पाटी घेऊन नको."

तर मग पत्र असं झालं. मूळ इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ हा:

> मी आज, सोमवार 3 जून 2024 रोजी, डिझाईन इंजिनियर या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातल्या दोन महिन्यांच्या नोटीसप्रमाणे माझा कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार 2 ऑगस्ट 2024 असेल.
>
> मी वडिलांच्या प्रेसबोर्ड इन्सुलेशनच्या व्यवसायात जात आहे. या व्यवसायाचा काही माल एका पुरवठादारामार्फत आपल्या कंपनीकडे येतो, त्याबद्दलचं वेगळं निवेदन सोबत जोडलं आहे.
>
> हातातल्या कामांची यादी शुक्रवारपर्यंत देईन. पत्राची पोच द्यावी ही विनंती.

बस. बायपास नाही, सेफ्टी शूज नाहीत, अंतःकरण जड असो की हलकं. आभार मी तोंडी मानले, ज्यांचे मानायचे होते त्यांचे.

आणि हो, साहेबांना आधी समोर जाऊन सांगितलं, मग ईमेल केलं. उलटं केलं तर ते कॅन्टीनमध्ये दुसऱ्या कोणाकडून ऐकतात, आणि मग पुढचे दोन महिने आपण त्याची किंमत भरतो. साहेब जुन्या वळणाचे, नडियादचे, त्यांनी पत्र वाचलं आणि चष्मा काढून पहिला प्रश्न विचारला तो पगाराबद्दल नव्हता. "तुझ्या पप्पांचा माल आपल्याकडे येतो हे तुला कधीपासून माहीत?" मी म्हटलं, पहिल्या वर्षाच्या शेवटी कळलं. खरं तेच होतं. "मग तेव्हाच का नाही बोललीस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, भीती वाटली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बघ, आज लिहिलंस ते बरं केलंस," आणि निवेदनाची आणखी एक कॉपी मागितली, परचेसच्या साहेबांसाठी.

त्याच संध्याकाळी माझं पुरवठादारांच्या पोर्टलचं लॉगिन बंद झालं. कॉस्टिंगचं फोल्डर उघडेना. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगच्या सर्व्हरवर फक्त माझ्या चालू दोन जॉब्सचा ॲक्सेस उरला. मला इतका राग आला, इतकं अपमानास्पद वाटलं की घरी येऊन मी आईशी विनाकारण भांडले. चोर समजतात का मला. पण आई शांतपणे म्हणाली, "तू दुकानाची किल्ली परत केलीस तर दुकानदार कुलूप बदलणारच की, त्यात तुझं काय जातं?" मला ते पटायला आठवडा लागला. उलट ॲक्सेस चालू राहिला असता आणि पुढे कधी रेट फुटला असता तर मी कशी सिद्ध करणार होते की मी पाहिला नाही? लॉगिन बंद झाल्याची तारीख आता माझ्या बाजूने बोलते.

घरी माझ्या पेनड्राइव्हवर काही ड्रॉइंग्ज होती, लॉकडाऊननंतरच्या दिवसांत घरून काम करताना घेतलेली. ती मी आयटीवाल्यांसमोर पुसली आणि त्यांच्याकडून तसं ईमेलवर लिहून घेतलं. गुपचूप पुसण्यात काही अर्थ नाही, पुसलं हे दुसऱ्या कोणाला तरी माहीत पाहिजे.

एचआरच्या फॉर्ममध्ये कारणासाठी यादी होती: चांगली संधी, उच्च शिक्षण, लग्न, तब्येत, कुटुंबाचं स्थलांतर, वैयक्तिक. फॅमिली बिझनेस नाही. बडोद्यासारख्या गावात, जिथे प्रत्येक तिसऱ्या घरात कसलं तरी शटर आहे, तिथे हा पर्याय नाही याची गंमत वाटते. एचआरची मॅडम म्हणाली, "लग्न टाकू का? मुलींचं बहुतेक तेच असतं." मी 'वैयक्तिक' निवडलं आणि खाली शेऱ्यात लिहिलं, पत्र पाहा.

पोच मात्र आली नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. तोंडी सगळ्यांना माहीत, कॅन्टीनमध्ये लोक अभिनंदन करून गेले, एकाने तर आमच्याकडे नोकरी आहे का विचारलं, पण लेखी काही नाही. मी रोज पोर्टल बघायचे. शेवटी साहेबांनी फोन केला आणि 12 जूनला, नऊ दिवसांनी, उत्तर आलं: राजीनामा 12 जूनपासून स्वीकारला, शेवटचा दिवस 11 ऑगस्ट. म्हणजे त्यांनी त्यांच्या उशिरापासून माझे दोन महिने मोजले! इथे तो 3 जूनचा ईमेल कामाला आला, त्यातली वारासकट तारीख, आणि त्याच दिवशी साहेबांनी दिलेलं एका ओळीचं उत्तर, 'मिळालं, एचआरला पाठवतो'. मी भांडले नाही, ती साखळी परत पाठवली आणि लिहिलं की नोटीस पत्र मिळाल्याच्या दिवसापासून धरावी. दोन दिवसांनी 2 ऑगस्ट झालं. साहेबांचं ते एका ओळीचं उत्तर नसतं तर मी नऊ दिवस जास्त राहिले असते किंवा नऊ दिवसांचे पैसे दिले असते.

पीएफचं थोडक्यात सांगते कारण सगळे विचारतात. आमच्या शेडमध्ये नऊच माणसं, आणि पीएफचा कायदा वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागतो, त्यामुळे माझ्या खात्यात पुढे हप्ते जमा होणार नव्हते. पैसे मी काढले नाहीत, राहू दिले. कंपनीने 'एक्झिट'ची तारीख टाकली की नाही एवढं पोर्टलवर बघितलं. ग्रॅच्युइटीचा प्रश्न नव्हता, त्याला पाच वर्षं लागतात.

आता त्या दोन महिन्यांत घरी काय चाललं होतं ते. काका जेवताना सहज विचारायचे, "तुमच्याकडे स्पेसरचा रेट काय पडतो गं, किलोला?" मी गप्प. "बरं, आमच्यापेक्षा स्वस्त देणारा कोण आहे तेवढं तरी." मी भात कालवत गप्प. एकदा तर म्हणाले, "घरच्या माणसाला सांगायला काय जातं तुझं?" आणि पान तसंच ठेवून उठले. मला माहीत होतं तो आकडा. लॉगिन बंद झालं तरी डोकं बंद होत नाही, ते कुठल्याच आयटीवाल्यासमोर पुसता येत नाही. बाबा मध्ये पडले नाहीत, पण त्यांनीही कधी विचारलं नाही.

जुलैत मात्र विचारलं. पाऊस चांगलाच लागला होता, विश्वामित्रीचं पाणी वाढतंय अशा बातम्या येत होत्या, आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो. म्हणाले, "रेट नको सांगू. काका बोलतो तिकडे लक्ष देऊ नकोस. पण एक विचारतो, नको वाटलं तर नको सांगू. आपला माल पावसाळ्यातच परत का येतो?"

इथे मी अडकले. कारण मला तेही माहीत होतं. रेट सांगणं चूक हे सरळ आहे, पण हे? आमचाच माल, आमचीच चूक, आणि ती कळली तर कंपनीचाही फायदाच. तरी मला ते कळलं होतं त्यांच्या टेबलावर बसून, त्यांच्या रिपोर्टमधून. मी म्हटलं, "बाबा, 2 ऑगस्टनंतर विचारा." मग मलाच ते खोटं वाटलं, 2 ऑगस्टनंतर तरी काय बदलणार होतं, माहिती त्यांचीच राहणार. रात्रभर विचार केला आणि सकाळी विचारलं, "माल परत येतो तेव्हा त्याच्याबरोबर कागद येत असेल ना?"

येत होता. रणोलीवाला प्रत्येक वेळी रिजेक्शन नोटची कॉपी चलनाला टाचून पाठवत होता. काका फक्त रक्कम बघून नोट ड्रॉवरमध्ये टाकायचे, कारण ती इंग्रजीत असायची आणि त्यांच्या मते माल परत आला म्हणजे आला, कागद वाचून काय पुढे जाणार का तो. ड्रॉवर उघडला तर चार वर्षांच्या नोटा. सगळ्या आमच्याच नावाच्या, आम्हालाच पाठवलेल्या. त्या वाचायला मला कोणाची परवानगी लागणार नव्हती, फक्त नोटीस संपायची होती. मी ड्रॉवर परत लावला आणि 3 ऑगस्टला उघडला. काका म्हणाले, ही काय नाटकं. असतील.

शनिवारी सकाळी मी त्या तारखेप्रमाणे लावल्या. बहुतेक जून ते सप्टेंबरमधल्या. कारण जवळपास एकच: वाळवल्यानंतर जाडी कमी. प्रेसबोर्ड हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, तोही लांबीरुंदीत फारसा नाही, जाडीत. ट्रान्सफॉर्मरवाले कॉइल वापरायच्या आधी वाळवतात, तेव्हा तो आक्रसतो. आमचे मिस्त्री स्पेसर कापल्या कापल्या मायक्रोमीटर लावायचे, 3 मिमी बरोबर यायचा, पेटीत जायचा. तोच स्पेसर तिकडे ओव्हनमधून निघाला की 2.9. एका स्पेसरला 0.1 म्हणजे कोणी म्हणेल केसाएवढं. पण कॉइलच्या दर दोन थरांमध्ये एक असे ते एकावर एक बसतात, 80 असले तर 0.1 गुणिले 80, आठ मिलिमीटर. पूर्ण कॉइल आठ मिलिमीटरने ढिली. आणि पुढे कधी शॉर्ट सर्किटचा दणका बसला तर ढिली कॉइल जागेवर राहत नाही.

मी मिस्त्रींना विचारलं शीट कुठे ठेवता. त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. पत्र्याची शेड, भिंतीला ओल, आणि शीट्स त्या भिंतीला टेकून उभ्या, कशातही न गुंडाळता. "बेन, वीस वरसथी त्यांज मूकीए छीए," वीस वर्षांपासून तिथेच ठेवतो. उन्हाळ्यात काहीच होत नाही, म्हणून कोणाला संशय आला नाही. मी एक तुकडा घेतला, 500 ग्रॅमचा, आणि ओळखीच्या एकाकडे ओव्हनमध्ये 105 डिग्रीला ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवला. 455 ग्रॅम राहिला. म्हणजे पंचेचाळीस ग्रॅम पाणी, नऊ टक्के, आम्ही पुठ्ठ्याच्या भावाने पावसाचं पाणी विकत होतो आणि परत घेत होतो.

ऑफिसची खोली रिकामी करून शीट्स तिथे ठेवल्या, प्लॅस्टिकमध्ये, फळ्यांवर आडव्या. काकांचं टेबल बाहेर आलं, त्यावरून एक आठवडा अबोला. प्रत्येक लॉटचे पाच तुकडे वाळवून आधीची आणि नंतरची जाडी लिहायची वही केली. त्या पावसाळ्यात माल परत यायचा थांबला असं म्हणणार नाही, ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीचं पाणी गावात शिरलं तेव्हा चार दिवस कोणाच्याच शेडचं शटर उघडलं नाही, पण सप्टेंबरात एकच लॉट आला, आणि तोही कापताना कडेला राहिलेल्या खरबरीत बरमुळे, जाडीमुळे नाही. काका रेटबद्दल विचारायचे बंद झाले. पटलं म्हणून की कंटाळले म्हणून, मी विचारलेलं नाही.

रिलीव्हिंग लेटर सप्टेंबरात आलं, 2 ऑगस्ट तारखेचं. आईने ते त्याच कप्प्यात ठेवलं.

मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला, नवरात्र तोंडावर, पॅकिंगचा मुलगा आला. छोटा उदेपूरकडचा, दोन वर्षं आमच्याकडे आहे, कमी बोलतो. त्याने जुन्या चलनाच्या पाठीमागे पेन्सिलने गुजरातीत एक ओळ लिहून आणली होती, दिवाळी पछी नहीं आवुं. बाबांच्या धंद्यात आजवर कोणी लिहून नोकरी सोडलेली नाही. माणूस येईनासा होतो, दोन दिवसांनी त्याचा चुलतभाऊ सांगायला येतो, आणि महिन्याने तोच माणूस राहिलेल्या पगारासाठी गेटवर उभा राहतो, मग काका आणि त्याची हिशोबावरून जुंपते. याला कोणी सांगितलं लिहायला माहीत नाही, कदाचित मी सगळ्यांकडून सगळं लिहून घेते हे बघून त्याला वाटलं असेल की आता अशीच पद्धत आहे.

काका म्हणाले, "विचार का जातोय, कोणी जास्त देतोय का." माझ्या तोंडावर प्रश्न आलाच होता. मी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, दिवाळी म्हणजे नक्की कुठला दिवस, लक्ष्मीपूजनापर्यंत की त्याच्या आधी सुटणार. तो बोटं मोजून म्हणाला, धनतेरसपर्यंत. 29 ऑक्टोबर, मंगळवार. मी त्याच्याच ओळीखाली ती तारीख वारासकट लिहिली, त्याच्या राहिलेल्या सुट्ट्या आणि बोनस वहीत बघून बाजूला मांडला, खाली 'मिळालं' लिहून सही केली, आजची तारीख घातली, मोबाईलवर फोटो काढला आणि तो कागद त्याला परत दिला. त्याने तो नीट चार घड्या करून खिशात ठेवला आणि पॅकिंगला गेला. त्या दिवशी साठ पेट्या जायच्या होत्या.